आठ मजल्यांचा मजकूर

कंपन्यांना माणसं कशी सांभाळायची हे सांगणं माझा धंदा, म्हणून लिंक्डइनवरच्या न्यूजलेटरचा विषय मी चुटकीसरशी ठरवला: राजीनामा दिलेल्याला शेवटच्या दिवशी काय विचारावं. अंक पंधरवड्याने काढायचा, कारण दर आठवड्याला लिहायचं म्हणजे माझाच राजीनामा!

अंक किती लांब असावा, हे वहिनीवर सोपवलं. ती तिच्या ऑफिसच्या लिफ्टमधून आठ मजले वर-खाली करत मसुदा वाचायची आणि जिथे कंटाळायची तिथून पुढे मी कात्री चालवायचे. पाचव्या फेरीला चारशे शब्दांवर गाडी आली.

तेवढ्यात तिचा फोन. "वन्सं, लिफ्टमध्ये साहेबांनी मागून वाचलं! त्यांना वाटलं, मीच नोकरी सोडून चालले. काय हवंय म्हणून विचारलं. मी खिडकीजवळची जागा मागितली, मिळाली! तीन वर्षं कुणी विचारलंच नव्हतं हो!"

मी टुणकन उडालेच. विषय तिथल्या तिथे बदलला: माणूस जायच्या आधीच विचारा. नवे चारशे शब्द लिहून अंक प्रकाशित केला आणि सगळ्या ओळखीपाळखीच्यांना वाचक होण्याची आमंत्रणं गेली.

मग माझाच सल्ला आठवला, म्हणून विचारलं, "वहिनी, तुला माझ्याकडून काय हवंय गं?"

"लिफ्टमधून सुटका!"