नांदीमुखाआधीचा फोन

सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी अनिमेषच्या खिशातला फोन थरथरला. तेव्हा पुरोहित भिंतीवर तुपाच्या धारा सोडत होते. शेंदराच्या पाच टिळ्यांखालून तूप ओघळत खाली येत होतं आणि पाटावर बसलेला दीपेन्दु, बाळाचा बाप, तिकडे पाहत होता. अनिमेष, बाळाचा मामा, उठून अंगणातल्या नळाजवळ गेला.

"दीपेन्दुचा फोन बंद आहे," पलीकडून प्रद्योत म्हणाला. प्रद्योत दीपेन्दुचा चुलत भाऊ. आठ दिवस तो बर्धमानच्या इस्पितळात वडिलांच्या उशाशी बसून होता. "बाबा गेले. नऊला पाच मिनिटं कमी होती. त्याला सांग."

अनिमेषनं मागं वळून पाहिलं. घराचं दार सताड उघडं होतं. भिंतीवरचं तूप अजून जमिनीपर्यंत पोचलं नव्हतं.

"नांदीमुख श्राद्ध व्हायचंय अजून," तो म्हणाला.

पलीकडे कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेल्याचा आवाज आला.

"बाळाचं वजन किती आहे आता?" प्रद्योतनं विचारलं.

"पाच किलो सहाशे."

"आठव्या महिन्यात?"

"हो."

"मी कागदपत्रांच्या रांगेत आहे," प्रद्योत म्हणाला. "तास-दीड तास जाईल. आई तिकडेच आहे, तिला तूच सांग. कधी ते तू बघ." आणि त्यानं फोन ठेवला.

काटव्याच्या त्या घरात कुणाला हिशेब समजावून सांगायची गरज नव्हती. मुलाचं अन्नप्राशन सम महिन्यात करायचं. सहावा महिना पौषात आला, आणि पौषात कुणी शुभकार्य करत नाही. माघ सातवा, म्हणजे विषम. फाल्गुनात आठवा लागला, पण पंजिकेत शेवटचा मुहूर्त आजचाच होता, अकरा वाजून बारा मिनिटांपर्यंत. आज चुकलं तर आधी दहा दिवस सुतक, मग चैत्र, पुन्हा विषम, मग एकदम वैशाख. तोवर दीपेन्दुच्या आईच्या राज्यात बाळाच्या तोंडात भाताचं शीत जाणार नव्हतं. डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं की नुसत्या दुधावर हे मूल उभं राहणार नाही. 'चोरून भरव,' असं अनिमेष बहिणीला म्हणाला होता. 'आणि त्याला काही झालं तर दादा?' असं पियाली म्हणाली होती, आणि विषय तिथंच संपला होता.

"कुणाचा फोन?" ओसरीवरून दीपेन्दुच्या आईनं विचारलं. विधवा म्हणून ती आज मांडवापासून चार हात लांब बसली होती. तिथूनच ती सगळं घर चालवत होती.

"मिठाईवाल्याचा."

"मामा उशिरा येणार, मामाची मिठाई त्याहून उशिरा. भाचा असा काडीसारखा का झाला ते आता कळलं."

बायका हसल्या. स्वयंपाकघराच्या दारात जेठिमा उभी होती, हातात पायेशचा डाव घेऊन. दीपेन्दुची थोरली काकू, प्रद्योतची आई. घरातली सर्वांत वडील सवाशीण, म्हणून पहिल्या घासाची खीर तिच्याच हातची हवी, ओवाळणंही तिनंच करायचं. त्यासाठी प्रद्योतनं तिला इस्पितळातून काल इकडे पाठवलं होतं. लाल काठाची साडी, हातात शंखाचे चुडे, भांगात रुंद सिंदूर. तिनं अनिमेषकडे पाहिलं. मग ती आत वळली.

अनिमेष पुरोहितांच्या शेजारी जाऊन उकिडवा बसला. ते दही, बोरं आणि जव एकत्र कालवत होते.

"एक विचारू? कार्य सुरू झालं असं कधी धरायचं?"

"कशासाठी?"

"सहज."

पुरोहितांचा हात थांबला. त्यांनी अनिमेषच्या मुठीतल्या फोनकडे पाहिलं, मग दीपेन्दुकडे. दीपेन्दु जानवं नीट करत होता.

"नांदीमुख झालं की सुरू झालं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "त्यानंतर काही कानावर आलं तरी आजच्या कार्याला बाध नाही. आधी आलं तर हे ताट उचलून ठेवायचं." त्यांनी बोरं पुन्हा चुरायला घेतली. "ज्याला कळलं त्याला लागलं. मामाचं गोत्र वेगळं. मामाला काय कळतं याच्याशी माझा संबंध नाही."

मग ते मोठ्यानं म्हणाले, "दीपेन्दुबाबू, पूर्वेकडे तोंड करा. पाणी घ्या हातात. किती वेळ जानव्याशी खेळाल?"

नऊ एकतीसला संकल्प सुटला. पुरोहित एरवी रवंथ केल्यासारखे मंत्र म्हणत. आज ते धावत होते. बाप, आजा, पणजा. मग आईकडचे तिघे. दीपेन्दु नावं घेत होता आणि प्रत्येक नावाला दर्भावर एक पिंड ठेवत होता. आज्याच्या नावाशी तो अडखळला.

"काकांना विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "फोन लावू का बर्धमानला? एक मिनिट."

"हरिनाथ," अनिमेष म्हणाला. "तुझ्या लग्नपत्रिकेत होतं."

"हरिनाथ," दीपेन्दु म्हणाला, आणि पिंड ठेवला.

दहा वाजून आठ मिनिटांनी पुरोहितांनी हात धुतले आणि अनिमेषकडे न पाहता म्हणाले, "झालं. आणा मुलाला."

पियालीनं बाळाला आणून भावाच्या मांडीवर ठेवलं. रेशमी धोतरात बाळाचे पाय सापडत नव्हते. भेंडाचा पांढरा मुकुट कपाळावरच्या चंदनाच्या ठिपक्यांवर घसरत होता. जेठिमानं दिवा ओवाळला, दूर्वा आणि धान डोक्यावर ठेवलं. तिचा हात स्थिर होता. शंख वाजला, बायकांनी जिभा हलवत उलुध्वनी केला, आणि बाळ त्या आवाजानं दचकलं.

अनिमेषनं चांदीच्या चमच्यात पायेश घेतली. पहिला घास बाळानं जिभेनं बाहेर ढकलला. दुसराही हनुवटीवरून ओघळला.

"मामाच्या हाताला चव नाही," कुणीतरी म्हणालं. पियाली हसली नाही.

तिसऱ्याला बाळ थांबलं. त्यानं ओठ मिटले, भुवया वर गेल्या, आणि गळ्याशी काहीतरी हललं. मग त्यानं तोंड उघडलं आणि चमच्याकडे मान पुढं केली. पियालीनं पदर तोंडाला लावला. अनिमेष भरवत राहिला. ताटातला तूपभात, पाच तळणी, शुक्तोची कडसर भाजी, डाळ, मासा, चटणी हे सारं नुसतं ओठाला लावायचं असतं. भात मात्र त्यानं दोन बोटांनी कुस्करून तीनदा भरवला आणि कुणी त्याला अडवलं नाही.

मग बाळ काय उचलतं ते पाहायला त्याच्यापुढं तबक सरकवलं: माती, पुस्तक, लेखणी, रुपया. सगळे तबकावर वाकलेले असताना अनिमेष स्वयंपाकघरात गेला. आधी जेठिमा, मग दीपेन्दु, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

ती एकटीच पानावर बसली होती. सगळ्यांच्या आधी, पाहुण्यांच्याही आधी. असं या घरात कधी झालं नव्हतं.

"जेठिमा," तो म्हणाला.

"बाळानं गिळलं?"

"गिळलं. भातसुद्धा."

"छान." तिनं पानावरचा भात सारखा केला. "रोहूचा तुकडा वाढ मला. पोटाकडचा, मोठा. मग बोल काय ते."

अनिमेषनं वाढलं. एक तुकडा, मग न मागता दुसरा. घरात दोन चुली होत्या आणि दीपेन्दुच्या आईची चूल कोपऱ्यात वेगळी होती. नवरा गेल्यापासून बारा वर्षांत त्या चुलीवर मासा चढला नव्हता.

"प्रद्योतनं तुम्हाला…"

"काटे आहेत," जेठिमा म्हणाली. "खाताना बोलायला लावू नकोस."

ती सावकाश काटे काढून पानाच्या कडेला लावू लागली. दहा पन्नासला अनिमेषच्या हातातला फोन पुन्हा थरथरू लागला. तिनं मान वर केली नाही. दुसरा तुकडा अजून पानात होता.