बॅगांच्या जाहिराती

दाजींनी फोन माझ्या काउंटरवर असा आपटला की दुरुस्तीला उघडलेल्या दुसऱ्या फोनचे स्क्रू उडून खाली गेले.

"हे बंद कर!" ते ओरडले. "गेम उघडला की बॅगा, बातम्या उघडल्या की बॅगा! वर्कशॉपमध्ये पोरं विचारतात, काय, पळून चाललात की काय? मी कधी बॅग बघितली नाही!"

बॅगा ताईने बघितल्या होत्या.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, आणि हा राक्षस तिचा नवरा. परवा याने तिचं डोकं दारावर आपटलं होतं. काल केस बाजूला करून तिने मला टाके दाखवले आणि म्हणाली, "पोरीला घेऊन उद्या दुपारच्या बसने निघते." तिच्याही फोनवर बॅगाच बॅगा येत होत्या. मी तिचा जाहिरात आयडी पुसला, खात्यातल्या आवडीनुसार जाहिराती बंद केल्या. पण खरेदीचं ॲप दाजींच्याच खात्यावर चालतं, दोन्ही फोनवर तेच, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. ॲपवाल्यांना काय, खातं एक म्हणजे माणूस एक. तिने शोधलेल्या बॅगा याच्या फोनवर याच्या मागे लागल्या.

आणि बस सुटायला अजून वेळ होता.

"बसा दाजी, करते," मी म्हणाले.

"बसायला नाही आलो!" त्यांनी स्टुलाला लाथ घातली. स्टूल काचेच्या कपाटावर गेलं, खालची काच फुटली. "हे येतं कुठून ते सांग. माझा फोन कोणी घेतला?"

"कोणी कशाला घेईल? प्रत्येक फोनला जाहिरातवाल्यांसाठी एक आयडी असतो. त्यावरून सगळी ॲप्स ओळखतात, हा तोच माणूस." मी मुद्दाम सावकाश सेटिंग्ज उघडली. प्रायव्हसी, मग जाहिराती. "हा आयडी पुसला की तुमची जुनी ओळख तुटली. जाहिराती येतील, पण कसल्याही. खात्यातूनही आवडीच्या जाहिराती बंद करते."

"मग लवकर कर, भवाने!"

मी केलं. वर फोन बंद करून चालू केला, त्याची काही गरज नव्हती. तेवढाच वेळ जातो. त्यांनी फोन हिसकावून गेम उघडला. टूथपेस्ट आली. दुसऱ्यांदा पंखा आला. दाजी चक्क हसले. मला वाटलं, सुटलो बाई.

मग त्यांनी खरेदीचं ॲप उघडलं.

तिथे माझा इलाज चालत नाही. ॲपला स्वतःच्या खात्यात काय बघितलं ते ठाऊक असतं, त्याला आयडी लागत नाही. वरच्याच ओळीत सुचवण्या होत्या: तुम्ही पाहिलेल्या बॅगेसारख्या बॅगा. चाकांची मोठी एक. शेजारी लहान मुलींची पाठीवरची, गुलाबी.

दाजी त्या गुलाबी बॅगेकडे बघत राहिले. मान वर केली तेव्हा डोळे लाल झाले होते.

"कुठे आहे ती?"

"मला काय माहीत?"

पहिला ठोसा गालावर बसला. दुसऱ्याने दात हलला, तोंडात रक्ताची चव आली. ते दाराकडे वळले. आता हा स्टँडवर जाणार, ताईला केसांनी धरून ओढत आणणार, पोरीच्या देखत. मला एवढं एकच दिसलं. मी काउंटरवरून उडी मारली, त्यांच्या आधी शटरला लटकले आणि खडखड खाली ओढलं. आतलं कुलूप लावून किल्ली मुठीत आवळली.

"तुला जिवंत सोडत नाही!"

"नका सोडू!"

त्यांनी मला शटरवर फेकलं. पोटात लाथ बसली, श्वासच गेला. मूठ उघडण्यासाठी त्यांनी माझा हात काउंटरच्या कडेवर आपटला, पुन्हा आपटला, आणि मनगटात कट्ट झालं. मी किंचाळले. पण दुसऱ्या हाताला काउंटरवरची हॉट एअर गन लागली, टाके वितळवायला उकळती हवा फेकणारी, चालूच होती. ती मी सरळ त्यांच्या दंडाला लावली. कातडी भाजल्याचा वास आला. ते गुरासारखे ओरडले आणि मागे फुटलेल्या काचेवर पडले.

बाहेरून शेजारचा शिंपी शटर बडवत होता. "मॅडम! उघडा! पोलिसांना फोन केलाय!"

काउंटरवर माझा फोन उजळला. दाजी धडपडत उठले होते, फोन त्यांच्याच जवळ होता, त्यांनीच आधी वाचलं. ताईचा मेसेज होता. बस सुटली, पोरगी खिडकीजवळ बसली आहे, काळजी करू नकोस.

त्यांनी तो फोन माझ्या तोंडावर फेकून मारला. कपाळ फुटलं. आणि मी, मोडका हात पोटाशी धरून, रक्त थुंकत, मोठमोठ्याने हसत सुटले.