दर दुसऱ्या शनिवारी

मॅडम, माझ्या मुलीसमोर मला खोटारडा तुम्ही ठरवलंत. माझ्या बायकोनं नाही, तिच्या भावानंही नाही. त्यांचं माझं भांडण आहे आणि ते आम्ही भांडतो. पण न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून तुम्ही हुकमात लिहिलंत, "वडिलांनी मुलीला बायवीकली भेटावं, पाच ते सात." आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलंत.

माझा वकील व्हरांड्यात म्हणाला, "आठवड्यातून दोनदा. जिंकलात." मी फरश्या बसवतो. वकिलाला जेवढी फी दिली, तेवढ्यात एक जिना झाला असता. त्यामुळे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. पहिल्या शनिवारी ठमीला सांगूनही टाकलं, "आता दर बुधवारी आणि दर शनिवारी बाबा येणार." सात वर्षांची आहे ती. वहीच्या मागच्या पानावर तिनं दोन्ही वारांना गोल केले.

बुधवारी बायकोच्या माहेरी दार उघडलं ते मेव्हण्यानं.

"दाजी, शनिवारी आलात ना? आता पंधरवड्यानं."

"हुकूम वाच."

"वाचला. बायवीकली म्हणजे दोन आठवड्यांतून एकदा. आमचा वकील पण शिकलेलाच आहे."

आतून ठमीचा आवाज येत होता. मी पाय दारात घातला, त्यानं दार लोटलं. माझा अंगठा काळानिळा झाला आणि तक्रार माझ्याच नावानं गेली.

नंतर पुस्तकांच्या दुकानात जाऊन जाडा इंग्रजी शब्दकोश उघडला. त्यात दोन्ही अर्थ दिलेले. एकाखाली एक, शेजाऱ्यांसारखे. म्हणजे माझा वकीलही खरा, त्यांचाही खरा. खोटा फक्त मी.

खुलासा मागायला तुमच्याकडे आलो. तुम्ही चिडलात. "एवढं साधं कळत नाही?" म्हणालात, आणि नवी ओळ सांगितलीत: "वडिलांनी मुलीला दर दुसऱ्या शनिवारी भेटावं." एका शब्दाचा गोंधळ निस्तरायला दुसरा घातलात. मी समजलो, एक शनिवार आड. एक शनिवार सोडून गेलो, तर दाराला कुलूप. फोन केला तर मेव्हणा हसला.

"दाजी, दुसरा शनिवार म्हणजे महिन्याचा दुसरा. बँकेला पहिली सुट्टी असते तो. आज चौथा आहे."

आठवड्यात दोनदाचं महिन्यातून एकदा झालं, मॅडम. दर खुलाशाला माझी मुलगी माझ्यापासून आणखी लांब जात होती.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गेलो. ठमी उंबऱ्यात चप्पल घालून बसली होती, पण उठेना.

"चल की."

"बुधवारी येतो म्हणालात, आला नाहीत. शनिवारी म्हणालात, मग आम्हीच मावशीकडे गेलो. मामा म्हणतो, तुम्हाला मोजता येत नाही." तिनं चप्पल काढली. "आधी तारीख सांगा. मग येईन."

ती आत गेली. बायको बाहेर आली.

"बघितलंस? दर बुधवारी खिडकीत बसते. तिथून उठवायला मला लागतं. तू तुझ्या वकिलाच्या खांद्यावर बसून मिरवत असतोस."

"कुलूप कुणी लावलं होतं?"

"मी. आणि परत लावीन. आठवड्यात दोनदा तुझं तोंड बघायला मी काय गुन्हा केलाय? पंधरा दिवसांनी ये, यापुढे मी अडवणार नाही."

"पंधरा दिवसांनी म्हणजे रविवार येतो. रविवारी आलो की तुझा भाऊ परत तक्रार करणार."

"मग चौदा म्हण. जीभ झडते का?"

"आठवड्याला आठ दिवस म्हणणारी माणसं आपण. लिहूनच टाकू."

बायकोनं ठमीची वही आणली, जोरात पेन आपटलं. आम्ही जिन्यातच उभे राहून लिहिलं. "एक शनिवार आड, म्हणजे चौदा दिवसांतून एकदा, संध्याकाळी पाच ते सात. पहिली भेट खालच्या पहिल्या तारखेला, पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा त्याखाली." प्रत्येक तारखेपुढे वार घातला. "सुट्टी आली तर?" तिनं विचारलं. "तर त्याच्या पुढच्या दिवशी, पण मोजणी बदलायची नाही." दोघांनी सह्या केल्या. एकमेकांकडे बघितलं नाही. लग्नाच्या रजिस्टरनंतर आमच्या सह्या पहिल्यांदाच एका पानावर आल्या होत्या.

ते पान तुमच्या कचेरीत दिलं. कारकुनानं परत सरकवलं. "हुकमाची भाषा पक्षकार ठरवत नाहीत. मॅडमनी आधीच स्पष्ट लिहिलंय."

स्पष्ट? मग हे पान समोर ठेवतो, आणि तुमचा हुकूमही. बायको शेजारी उभी आहे, माझ्यावर दात-ओठ खात, पण उभी आहे. येत्या शनिवारी ठमी उंबऱ्यात चप्पल घालून बसेल की नाही, ते तुमच्या सहीवर आहे.

मॅडम, वार नको, शब्द नको. तारीख सांगा.