एकाच ताग्यातली जोडी

मलकपेठच्या नव्या बाळंतपणाच्या दवाखान्याने आयांना साडीऐवजी शर्ट-पँट दिली, तेव्हा ते कपडे शिवायचं काम अंबरपेठच्या रंजनाकडे आलं. वर्ष सरायच्या आत तिला बोलावणं आलं.

"दोन ताग्यांचं कापड लावलंत तुम्ही," मेट्रन वंदनाबाई म्हणाल्या. "शर्ट निळेच्या निळे, आणि पँटी बघा, राखेसारख्या! आता पुढचं काम दुसऱ्याला."

एकादशीचा उपास, त्यात शिलाईयंत्रावर रात्र गेलेली. रंजनाला बसल्या जागी डुलकी लागली असती. पण हे काम गेलं तर तिच्याकडे मशीनवर बसणाऱ्या दोघी बायकांना घरी बसवावं लागणार होतं. तिने पदर खोचला. "तागा एकच होता, बाई. देवाशप्पथ."

दाराशी सत्यवती आया उभी होती. तिची बदलायची शर्ट-पँटची जोडी रंजनाने मागून घेतली. पँटच्या शिवणींवर, गुडघ्यांवर पांढुरकी झाक होती. सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या त्या कापडातला सुताचा रंग उडून नुसता पॉलिएस्टरचा उरला होता. तिने पायाची दुमड उसवली. आतलं कापड जवळपास शर्टाइतकंच निळं.

"बघा. एकच कापड."

मग तिने टेबलावरच्या भांड्यातल्या पाण्याचे दोन थेंब टाकले. शर्टावरचा मोत्यासारखा गोल राहिला, पँटवरचा लगेच जिरला. डाग लागू नयेत म्हणून कापडाला दिलेला लेप शर्टावर अजून शाबूत होता. दवाखान्याच्या धुण्यात कढत पाण्यात, सोड्यात, ब्लीचिंग पावडरीत रोज गेलेल्या कपड्यावर तो टिकलाच नसता.

म्हणजे शर्ट इथे उकळलाच जात नव्हता. रंजनाने सत्यवतीकडे पाहिलं. सत्यवती मान खाली घालून पुटपुटली, "शर्ट गले को लगता ना अम्मा, मंगळसूत्र को. सबके गंदे कपडों में कैसा उबालना? घर में धोती मैं. हम सब."

"आणि तोच घालून बाळंतिणींजवळ जाता?" वंदनाबाईंचा आवाज चढला. "उद्यापासून शर्टही इथेच!"

रंजनाला सत्यवतीचं दुःख ठाऊक होतं. स्वतःचं सोवळं तीही वेगळंच वाळत घाली. तरीही ती म्हणाली, "बाई बरोबर सांगतात, सत्यवतम्मा. तान्ही लेकरं आहेत."

वंदनाबाई रंजनाकडे वळल्या. "मग पँटचा रंग उकळूनच उडाला ना? उकळूनही टिकेल, असं तुम्हीच म्हणाला होतात."

ही गोष्ट खरी होती. रंजनाने कापडाचा नमुना घरी न उकळता धुऊन, सावलीत वाळवून पाहिला होता. व्रताची साडी धुवावी तसा.

"चूक माझी," ती म्हणाली. "पक्क्या रंगाचं ट्विल, तिरक्या विणीचं जाड कापड, आणते. आधी एक तुकडा तुमच्याच बॉयलरमध्ये घाला, आयांचे कपडे जातात तितक्या वेळा. मग ठरवा."

वंदनाबाईंनी बराच वेळ त्या निळ्या दुमडीवर बोट फिरवलं. "आणा तुकडा," त्या म्हणाल्या. "वचन देत नाही."

रंजना उठली. गुडघे दुखत होते, आणि कापडबाजार संध्याकाळपर्यंतच उघडा होता.