दुसरं पाणी

सलग दुसऱ्यांदा तेल लालसर काळपट निघालं. दीपमालाने बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि नुसतीच पाहत उभी राहिली.

हे दोन हजार चारमधलं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ती खाद्यतेलावर पीएचडी करत होती. तिच्या आणि तिचे मार्गदर्शक दत्तप्रसाद सर यांच्या पेपरचं म्हणणं साधं होतं : सोयाबीन तेलाचा रंग काढायला जी माती घालतात, ती निम्मी घातली तरी चालते. आधीचे तिन्ही प्रयोग सुरेख जमले होते. नियतकालिकाच्या परीक्षकाने आणखी दोन मागितले. ते दोन्ही फसले होते. सुधारलेला पेपर शुक्रवारी पाठवायचा होता आणि आज गुरुवार होता.

त्याहून वाईट म्हणजे, सरांच्या शब्दावर पुण्याबाहेरच्या एका रिफायनरीने पंधरा टन तेलावर हाच प्रयोग लावला होता. आज दुपारी चारला ते तेल डिओडोरायझरमध्ये चढणार होतं. तिथे निर्वातात, दोनशे चाळीस अंशांवर, वाफ सोडून तेलाचा वास काढतात. मातीने जे ओढून घ्यायचं ते तेलात राहिलं असेल, तर त्या उष्णतेत रंग पक्का बसतो. मग काहीही केलं तरी तो पूर्वीसारखा निघत नाही.

"पहिले तीन पाठवा," ती बाटली घेऊन खोलीत गेली तेव्हा सर म्हणाले.

"आणि हे दोन?"

"हे दोन तुम्ही केलेत. पहिले प्लांटवरच्या कचरूने केले होते. फरक उघड आहे."

प्रयोगशाळेत येऊन तिने एकेक गोष्ट पुन्हा तपासली. कच्चं तेल त्याच पिंपातलं, हेक्झेन या द्रावकाने बियांतून काढून आलेलं. चिकट गाळ काढला होता, कॉस्टिक सोड्याने आम्ल मारलं होतं, तयार झालेला साबण खाली बसवून काढला होता, मग गरम पाण्याने एकदा धुऊन तेल वाळवलं होतं. मातीही तीच, निर्वातही तेवढाच. राहता राहिला तेलात उरलेला साबण. तो आजवर कुणी मोजलाच नव्हता. माती घालण्याआधीच्या तेलाचा नमुना बाजूला ठेवलेला होता. तिने तो अॅसिटोनमध्ये घेतला, साबण असला की रंग बदलणारा सूचक टाकला. वरचा थर हिरवा-निळा झाला. पिवळा होईपर्यंत आम्लाचे थेंब मोजले. दहा लाखांत दोनशे दहा भाग साबण. पन्नासाच्या आत हवा होता.

एक वाजला होता. रिक्षा करून ती वारज्याला गेली. संस्थेचा छोटा प्लांट चालवणारे कचरूकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे पंधरा दिवस घरी होते. डोळ्यावर हिरवी पट्टी होती.

"काका, ते पहिले तीन प्रयोग. तेल किती वेळा धुतलंत?"

"दोनदा."

"कागदावर एकदाच आहे."

"कागदावर रकाना एकच होता, ताई." ते जरा ओशाळले. "पहिलं पाणी दुधासारखं निघालं. म्हटलं, साबण राहिलाय, दुसरं पाणी द्यावं. निवळ निघालं, मग पुढे गेलो. चुकलं का काही?"

"तुमचं नाही चुकलं," ती म्हणाली. निम्मी माती पुरली ती दुसऱ्या पाण्यामुळे. साबण राहिला की तो मातीलाच चिकटतो आणि रंगासाठी माती उरत नाही.

जिन्यातच तिने सरांना मोबाइल लावला. सगळं सांगितलं.

"आता रिफायनरीला फोन करणं म्हणजे, आमचा पेपर चुकीचा आहे असं सांगणं."

"हो सर. तुम्ही करता की मी करू?"

"आपण विद्वान आहात. आपणच करा." फोन बंद झाला.

रिफायनरीचे शिफ्ट इंजिनिअर हिंदुराव फोनवर तिसऱ्या खेपेला सापडले. तोवर पावणेतीन झाले होते.

"धुतलेल्या तेलात साबण किती आला होता?" तिने विचारलं.

"एकशे ऐंशी. जास्त वाटला, पण तुमच्या पेपरात साबणाचा उल्लेख नाही, म्हणून पुढे गेलो."

"तेल आत्ता कुठे आहे?"

"ब्लीचरमध्ये, मातीबरोबर फिरतंय. दहा मिनिटांत गाळायला फिल्टरला घेतोय."

"घेऊ नका. उरलेली निम्मी माती घाला, अर्धा तास फिरवा. मग गाळून साबण पुन्हा मोजा. शून्य आल्याशिवाय डिओडोरायझरला देऊ नका."

"मग तुमचा प्रयोग?"

"आजचा प्रयोग फसला असं लिहा. चूक आमच्या कागदात होती."

पलीकडे ते कुणाला तरी ओरडून थांबायला सांगत असल्याचं ऐकू आलं.

ती कठड्याला टेकून उभी राहिली.

साडेसातला हिंदुरावांचा फोन आला. साबण शून्य होता, तेल आत चढलं होतं. रात्री थंड होऊन बाहेर पडलं, तेव्हा रंग नेहमीसारखा फिकट होता.

शुक्रवारी सकाळी ती दोनदा धुतलेल्या तेलावर प्रयोग करत होती, तेव्हा सर खाली आले. ते सहसा प्लांटवर येत नसत. संध्याकाळी निम्म्या मातीचं तेल सोनेरी निघेपर्यंत तिथेच बसून राहिले.

"संपादकांना दोन आठवड्यांची मुदत मागितली आहे," ते बाटलीकडे बघत म्हणाले. "फसलेले दोन्ही प्रयोग घाला. साबणाचे आकडे घाला. शीर्षकही बदलावं लागेल."

"आणि कचरूकाका?"

सरांनी चष्मा पुसला. पुसायला बराच वेळ घेतला.

"लेखकांत तिसरं नाव घाला," ते म्हणाले. "त्यांचं आडनाव नीट विचारून घ्या. मला माहीत नाही."