उजवीकडचा समुद्र

भूगोल हा पाठ करण्याचा विषय आहे असं त्या मुलींच्या शाळेत सगळेच धरून चालत. नद्यांची नावं चालीवर म्हणायची, पठारांची नावं श्वास न घेता म्हणायची, परीक्षेत लिहून टाकायची आणि घरी जायचं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका गोदावरीबाई, स्वतः अशाच शिकल्या होत्या आणि दरसाल सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेला त्यांच्या मुली बऱ्या पास होत. त्यामुळे दाक्षायणीबाई भूगोल शिकवायला आल्या आणि त्यांनी पाठांतर बंद केलं, तेव्हा मोठ्या बाईंच्या कपाळावर आठी उमटली.

"नावं न सांगता नकाशा पुढं ठेवला, तर ह्या मुलींना भीमा दाखवता येणार नाही," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "आणि दाखवली, तरी ती भीमाच कशावरून, ते सांगता येणार नाही."

"कशावरून काय? भीमा ती भीमा."

"मला एक चाचणी घेऊ द्या. मग बोलू."

मोठ्या बाईंनी परवानगी दिली, पण चाचणीच्या वेळी वर्गात स्वतः बसणार असं सांगून.

अडचण नकाशाची होती. शाळेत भिंतीवरचा नकाशा एकच, आणि त्यावर सगळी नावं छापलेली. दाक्षायणीबाईंनी एका जाड कागदावर काळ्या शाईनं आपल्या भागाचा कोरा नकाशा काढला. डावीकडं मुंबईपासून खालपर्यंत समुद्राची कड, वर नाशिकच्या बाजूपासून खाली तुंगभद्रेच्या उगमापर्यंत, आणि उजवीकडं ती कृष्णेला मिळते तिथपर्यंतचा मुलूख. पूर्वेचा समुद्र घेतला असता तर नद्या बारीक झाल्या असत्या, म्हणून तो सोडून दिला. नाव एकही नाही. चार नद्यांवर ओळखीसाठी एक, दोन, तीन आणि चार ठिपके. उपनद्या नुसत्या बारीक रेघांनी. एका पठारावर तिरप्या रेघा आणि एका संस्थानात फुली. मग तो कागद घेऊन त्या वेणीमाधव फोटोवाल्यांकडं गेल्या.

वेणीमाधवांच्या दुकानात तोवर नवरा-नवरी, पैलवान आणि बारशाची बाळं यांचेच फोटो निघत.

"नदीचा फोटो काढायचा तर नदीवर जावं लागतं, बाई," ते म्हणाले. पण काम त्यांना आवडलं. त्यांनी कागद भिंतीला ताणून लावला, काचेवर त्याचा फोटो घेतला आणि दोन दिवस गच्चीवर उन्हात काच आणि कागद चौकटीत मांडून वर्गातल्या प्रत्येक मुलीसाठी एकेक प्रत छापली. चाचणीच्या दिवशी सकाळी गठ्ठा शाळेत पोचला. दाक्षायणीबाईंनी वरची एक प्रत पाहिली, खूश झाल्या, आणि घंटा झाली म्हणून गठ्ठा तसाच वर्गात नेला.

"प्रत्येकीनं नद्या, पठार आणि संस्थान ओळखायचं," त्यांनी सांगितलं. "नावाला एक गुण. ते कशावरून, हे एका ओळीत लिहिलं तर दोन. बोलायचं नाही, वाकून बघायचं नाही."

गठ्ठ्यातली शेवटची प्रत शेवटच्या बाकावरच्या मुक्ताला मिळाली.

मुक्ता भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथल्या शिवारातली. तिच्या वडिलांनी, हिंदुरावांनी, तिला शिकायला शहरात मावशीकडं, सोनाबाईंकडं, आणून ठेवलं होतं. "माझी पोर मास्तरीण व्हनार," असं ते बाजारात ओळख नसलेल्यालाही सांगत. मुक्ता हुशार होती, पण वर्गात फारशी बोलत नसे. 'हाय' आणि 'न्हाय' म्हटलं की पुढच्या बाकावर खुसखुस व्हायची. लिहिताना मात्र ती जपून 'आहे' आणि 'नाही' लिही.

तिनं नकाशा पाहिला. समुद्र उजवीकडं. म्हणजे पूर्वेचा, बंगालचा उपसागर. त्याच्या शेजारी चार नद्या, वरून खाली. तिला ती यादी झोपेतून उठवलं तरी येत होती. तिनं भराभर लिहिलं: महानदी, गोदावरी, कृष्णा, कावेरी. चारी नावं चारी नद्यांवर अशी चपखल बसली की तिला हसू आलं.

मग पुढची ओळ. कशावरून?

'कारण ही नदी पूर्वेच्या समुद्राला मिळते,' असं लिहायला तिनं टाक उचलला, आणि खात्री करावी म्हणून रेघेवरून बोट फिरवलं. बोट समुद्रापर्यंत गेलंच नाही. रेघ कडेच्या अलीकडंच संपली होती. दुसरी नदीही तशीच, तिसरीही. एवढ्या मोठ्या नद्या, समुद्र हाताच्या अंतरावर, आणि एकही त्याला मिळत नाही.

तिनं डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. दोन ठिपक्यांची नदी तीन ठिपक्यांच्या नदीला मिळत होती. पुढं चार ठिपक्यांचीही तिलाच येऊन मिळत होती. गोदावरी कृष्णेला मिळते? कावेरी तर कुणालाच मिळत नाही, ती थेट समुद्राला जाते. नावं बसली होती, नद्या बसत नव्हत्या.

मग तिची नजर दोन ठिपक्यांच्या नदीला येऊन मिळणाऱ्या बारीक रेघेवर गेली. तिथं दोन रेघांच्या मध्ये जमिनीचं एक निमुळतं टोक होतं. ते टोक तिनं किती वेळा पाहिलं होतं. त्यांच्या रानाची शेवटची पट्टी अशाच टोकाला संपत होती. पुराच्या दिवसांत एका बाजूनं सीनेचं पाणी, दुसऱ्या बाजूनं भीमेचं, आणि पाणी कुठल्या बाजूला चाललंय हे विचारायचीच गरज नसे. टोक जिकडं, पाणी तिकडं.

इथं टोक डावीकडं होतं. म्हणजे पाणी समुद्राकडं पाठ करून चाललं होतं.

समुद्राजवळ जन्मून समुद्राला पाठ दाखवणाऱ्या नद्या कोणत्या, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं कागद उचलला, खिडकीतून येणाऱ्या उन्हासमोर धरला आणि मागच्या बाजूनं पाहिलं. अंधुक दिसत होतं, पण समुद्र डावीकडं आला आणि सगळा मुलूख आपल्या जागी बसला. मुक्ताच्या तोंडून नकळत "अगं बया" निघालं.

"मुक्ता."

मोठ्या बाई उठून उभ्या होत्या. "कागद कुणाला दाखवतेस?"

"कुनाला न्हाय, बाई. मी मागनं बघत होते."

"मागनं? नकाशा पुढून बघतात. ठेव खाली."

पुढं खुसखुस झाली. मुक्तानं कागद खाली ठेवला. आधीची चारी नावं खोडली आणि मान वर न करता लिहीत सुटली. घंटा झाली तेव्हा संस्थानाचं कारण लिहायचं राहिलं होतं.

दुपारी दोघी बाई खोलीत उत्तरं तपासायला बसल्या. पुष्कळ मुलींनी नद्यांची नावं बरोबर लिहिली होती. 'कशावरून' यापुढं मात्र एकीनं 'बाईंनी सांगितल्यावरून' असं लिहिलं होतं, दुसरीनं 'पाहिल्यावरून'. दुसरं उत्तर वाचताना मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी मुक्ताचा कागद ओढला.

"हे पाहा. नुसती खोडाखोड. आणि वर काय लिहिलंय, 'हा नकाशा मागच्या बाजूने काढला आहे.' उत्तर येईना तर नकाशालाच नाव ठेवायचं."

"वाचा तरी," दाक्षायणीबाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी चष्मा नीट केला आणि वाचू लागल्या.

'समुद्र उजवीकडे दाखवला आहे, पण तो पूर्वेचा नाही. कारण मोठ्या नद्या त्याच्याजवळून निघतात, पण त्याला मिळत नाहीत. मध्ये सह्याद्री असला पाहिजे. म्हणून हा पश्चिमेचा समुद्र आहे आणि नकाशा उलटा आहे.

एक ठिपका गोदावरी. सर्वांत उत्तरेची, आणि बाकीच्या तिघींना भेटत नाही.

दोन ठिपके भीमा. तिला उत्तरेकडून सीना मिळते, आणि ती स्वतः कृष्णेला मिळते.

तीन ठिपके कृष्णा. भीमा आणि तुंगभद्रा दोघी तिच्यात येतात, ती कुणात जात नाही.

चार ठिपके तुंगभद्रा. दक्षिणेकडून येऊन कृष्णेला मिळते, भीमेच्या संगमाच्या पुढे.

रेघांचे पठार बालाघाट. त्याच्या उत्तरेचे पाणी गोदावरीला जाते, दक्षिणेचे भीमेला. म्हणून ते दोघींच्या मधले उंच रान आहे.

फुलीचे संस्थान कोल्हापूर. कारण'

इथं संपलं होतं.

दाक्षायणीबाईंनी दुसरा एक नकाशा घेऊन मुक्ताच्या नकाशाशेजारी ठेवला. एकात समुद्र डावीकडं, दुसऱ्यात उजवीकडं. दोन्ही नकाशे नमस्काराच्या हातांसारखे समोरासमोर आले.

"हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "मी वरचीच प्रत पाहिली."

मोठ्या बाई अजून मुक्ताच्याच कागदाकडं पाहत होत्या. "नकाशा चुकला, आणि पोरीनं उत्तर बरोबर काढलं," त्या हळूच म्हणाल्या. "यादी म्हणणारी असती तर कावेरीत बुडाली असती. ही पण बुडत होती की. खोडलंय बघा, महानदी, गोदावरी, कृष्णा, कावेरी. कारण लिहायला गेली आणि तिथून वर आली."

शिपायाला पाठवून मुक्ताला बोलावलं. ती दारात उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"कोल्हापूर कशावरून?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मुक्तानं पदर सोडला. "वर वारना, एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला सह्याद्री. त्येच्या मदी ते बसतंय, बाई." मग तिच्या लक्षात आलं आणि ती घाईनं म्हणाली, "बसते. बसतं."

"बसतंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "चांगलं बसतंय. सगळे गुण."

मुक्ता इतकी मोकळी हसली की दाक्षायणीबाईंनाही हसू आलं.

संध्याकाळी दोघी बाई त्या दोन प्रती घेऊन फोटोवाल्यांकडं गेल्या. मुक्तालाही त्यांनी बरोबर घेतलं होतं. वेणीमाधवांनी प्रती पाहिल्या, काच काढून उजेडाला धरली आणि कपाळावर हात मारला.

"काचेची मसाला लावलेली बाजू, जिच्यावर चित्र उमटतं ती, कागदाला लागायला हवी," त्यांनी मुक्ताला काच दाखवत सांगितलं. "शेवटच्या प्रतीला ऊन उतरत होतं. घाईत काच पालथी बसली. अशानं डावं ते उजवं होतं, आणि रेघही जरा फुगते. दुसरी देतो छापून, पैसे नकोत."

"दुसरी नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "आमच्या वर्गाला पुरतील एवढ्या पालथ्याच छापा."

वेणीमाधवांनी दाक्षायणीबाईंकडं पाहिलं. दाक्षायणीबाई भिंतीवरच्या पैलवानाच्या फोटोकडं पाहत हसू दाबत होत्या.

पुढच्या शनिवारी सातवीच्या वर्गात जो गोंधळ झाला तो शाळेनं पूर्वी ऐकला नव्हता. मुली नकाशे खिडकीला लावत होत्या, कुणी आरसा मागत होती, पुढच्या बाकावरची एक मागं वळून मुक्ताला विचारत होती, "टोक कुठं बघायचं म्हणालीस?" आणि मुक्ता बाकावरून वाकून तिला बोटानं दाखवत होती, "ह्ये बघ की, हितं. पानी हिकडं चाललंय." कुणी खुसखुस केली नाही. वेळ कुणाला होता.

मोठ्या बाई एक नकाशा घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांनी चष्मा पुसला, पदर खोचला आणि लिहू लागल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

"दाक्षायणीबाई," त्या म्हणाल्या, "हे पठार बालाघाटच ते कशावरून? नाही, सांगू नका. काढते मी."