मागच्या तिमाहीचा दाखला

कपडे धुऊन झाल्याचं सांगायला वॉशिंग मशीन तीनदा टिटटिटलं आणि रविवार दुपारची शांतता मोडली. ती धावत जाऊन बटण दाबेपर्यंत आतल्या खोलीत पलंग करकरला. तिने श्वास रोखला. पाच वर्षांची चिमणी कुशीवर वळली, उशीत तोंड खुपसलं आणि पुन्हा झोपली. देव पावला. अजून तासभर तरी हातात होता.

नवरा दोन दिवस गावाला गेलेला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी अर्धं खाल्लेलं सफरचंद आणि कर्जकराराची जाडजूड फाईल. औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्याची ती वित्तप्रमुख. कर्ज देणाऱ्या तीन बँकांना सोमवारी सकाळी दहाच्या आत तिचं टिपण हवं होतं. करारातली एक अट मोडली होती, ती का मोडली आणि पुन्हा कधी पाळणार, याचं.

अट साधी होती. निव्वळ कर्ज हे बारा महिन्यांच्या एबिटाच्या, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या, साडेतीन पटीहून जास्त नसावं. या तिमाहीला कर्ज १५८ कोटी, नफा ४१ कोटी. गुणोत्तर ३.८५. कारण सरळ होतं. प्लास्टिकचे दाणे महागले आणि गिऱ्हाइकांकडून वाढीव भाव मिळायला करारानुसार तीन महिने लागतात. त्या तीन महिन्यांनी नफा खाल्ला. व्याज भागवण्याची ताकद मात्र शाबूत होती. नफा व्याजाच्या २.७३ पट, आणि अट अडीच पटीची.

सगळं जुळत होतं. फक्त जोडपत्रात 'कर्ज' या शब्दाची व्याख्या जशीच्या तशी उतरवायची राहिली होती. नेहमी ती आपल्या शीटमधूनच उचलायची. आज शीट उघडायचा कंटाळा आला म्हणून तिने फाईल उघडली. शेवटी टाचलेलं, पाच महिन्यांपूर्वीचं दुरुस्तीपत्र हाताला लागलं. 'पुरवठादारांची जी बिलं बँकेने आधी चुकती केली आणि कंपनीने नव्वद दिवसांत फेडली नाहीत, ती रक्कम कर्जात धरावी.'

तिने ते वाक्य दोनदा वाचलं. तशी बिलं आता दहा कोटींची होती. म्हणजे १६८ भागिले ४१. ४.१०.

ठीक आहे, अट मोडलेली होतीच, थोडी जास्त मोडली. पण मग बोटं आपोआप मागच्या तिमाहीकडे वळली. तेव्हा तिने दाखला दिला होता, १६१ भागिले ४७, म्हणजे ३.४३, अट पाळली आहे. नऊ कोटींची बिलं धरली तर १७०. गुणोत्तर ३.६२.

दर तिमाहीला तीच शीट पुढे ओढायची, तिच्यात नवे आकडे भरायचे. साचा जुनाच राहिला, आणि दुरुस्तीपत्र फाईलला टाचून सगळे मोकळे झाले. खाली सही तिची. आणि त्या दाखल्याच्या जोरावर कंपनीने नव्या यंत्रासाठी आठ कोटी उचलले होते.

अट मोडणं वेगळं, ते बाजाराच्या माथी मारता येतं. चुकीच्या दाखल्यावर पैसे उचलणं हा करारात स्वतंत्र गुन्हा होता.

तिने आधी लेखाविभागातल्या काकांना फोन लावला. शीट त्यांची, चोवीस वर्षांची नोकरी त्यांची.

"मॅडम," काका म्हणाले, "ते पत्र मीच टाचलं होतं हो. स्वतःच्या हाताने. लिहा ना, काकांनी घोळ घातला म्हणून. मला निवृत्तीला दीड वर्ष आहे, माझं काय वाकडं होणार?"

"काका, तपासायचं काम माझं होतं."

"तेही खरंच म्हणा," काका म्हणाले, आणि तिला तशातही हसू आलं.

मग मालकांना. त्यांना सगळे दादाच म्हणत.

"अगं, या वेळचं नव्या हिशोबाने दाखव ना, कोण नको म्हणतंय? मागचं कशाला उकरतेस?"

"दादा, बँकांनी तीच व्याख्या मागच्या तिमाहीला लावली की पाच मिनिटांत कळेल."

"लावतील तेव्हा बघू. मी घरातले सहा कोटी घालतोय, बँकांचं फिटल्याशिवाय ते परत मागणार नाही, गोदामाची जमीन विकतोय. आणि तू स्वतःहून मान पुढे करतेस? तीनशे चाळीस माणसं आहेत कारखान्यात, विसरलीस?"

"त्यांच्यासाठीच. उद्या हे बँकांनी शोधून काढलं, तर आपल्या योजनेतला एकही आकडा ते खरा धरणार नाहीत."

"पाठव," दादा शेवटी म्हणाले. "पण खाली सही तुझी एकटीची. मला त्यात ओढू नकोस."

तिने सगळं पुन्हा लिहायला घेतलं. सुरुवातीलाच, लपवाछपवी न करता: मागच्या तिमाहीचा दाखला चुकीचा होता, बरोबर गुणोत्तर ३.६२, आठ कोटींची उचल त्याच दाखल्यावर झाली. मग या तिमाहीचं ४.१०. मग योजना. दादांचे सहा कोटी आले की पुढच्या तिमाहीला १६२ भागिले ४०.५, म्हणजे ४.०. दुसऱ्या तिमाहीला जमिनीचे चौदा कोटी कर्जात भरल्यावर ३.७. वाढीव भाव पुरते वसूल झाले की तिसऱ्या तिमाहीला ३.४. नफा आधी आणखी थोडा घसरणार हेही तिने लपवलं नाही. मागणी एवढीच: दोन्ही चुकांना सूट द्यावी आणि दोन तिमाहींपुरती मर्यादा ४.२५ आणि ४.०० करावी.

पाठवण्याआधी तिघींतल्या मुख्य बँकेत त्यांचं कर्ज पाहणाऱ्या बाईंना सांगणं बरं. कागदावर अचानक वाचून माणूस जास्त भडकतो. हात कपडे वाळत घालण्यात गुंतवले की आवाज कापणार नाही, म्हणून तिने फोन स्पीकरवर ठेवला.

बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही.

"स्वतः सांगितलंत, बरं केलंत," त्या म्हणाल्या. "योजना मला पटते. बाकीच्या दोन बँकांशी मी बोलेन, सूट मिळेल असं वाटतं, शब्द देत नाही. पण एक गोष्ट आत्ताच सांगते. राग मानू नका."

"बोला ना."

"यापुढचे दाखले बाहेरच्या लेखापरीक्षकाच्या सहीचे लागतील. आणि या योजनेवरही. तुमची एकटीची सही आमच्या समितीत चालणार नाही. निदान आता तरी."

"बरोबर आहे," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? उद्या दादांना हे कळल्यावर सहीला किंमत नसलेली वित्तप्रमुख ते किती दिवस सांभाळतील, हे तिला कळत होतं.

फोन बंद झाला. हातातला छोटा फ्रॉक पिळून पिळून कोरडाच झाला होता. तिने वळून पाहिलं तर दारात चिमणी उभी, गालावर उशीची घडी उमटलेली, केस पिंजारलेले. कधीची उभी होती कोण जाणे.

"झोप झाली माझ्या बाळाची?"

चिमणीने मान हलवली, पण नजर फोनवरच.

"त्या मावशी रागावल्या तुला?"

"नाही गं. माझं एक गणित चुकलं होतं, ते मी त्यांना सांगितलं."

"मग तर शाबासकी देतात."

"दिली ना."

चिमणी जवळ आली, त्या फ्रॉकचं टोक धरून उभी राहिली. कपाळावर आठी घालून बराच विचार केला तिने.

"आई, मग तू खरं सांगितल्यावर त्यांना तुझी सही का नको झाली?"